मॅक्रो की मायक्रो? तीन क्लासच्या मॉडेलसाठी कुठली सरासरी धरायची

प्रिसिजन म्हणजे काय, रिकॉल म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहिती आहे असं धरतो. दोनच क्लास असले की प्रश्न फारसा येत नाही. तीन झाले की प्रत्येक क्लासचं वेगळं प्रिसिजन, वेगळं रिकॉल, आणि मग कुणीतरी विचारतंच की सगळ्याचा मिळून एक आकडा सांगा. तो एक आकडा काढायच्या दोन पद्धती, मॅक्रो आणि मायक्रो. मी दोन्ही वापरल्यात आणि सध्या एकीवर स्थिरावलोय, पण तुमचा डेटा वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून आकड्यांसकट मांडतो.

उदाहरण द्राक्षाच्या पानांचं घेऊ, कारण माझं काम त्याच प्रकारचं होतं. मोबाईलवर काढलेला पानाचा फोटो, आणि उत्तर तीनपैकी एक: निरोगी, किंवा भुरी आणि डाऊनी या दोन रोगांपैकी एक. टेस्टला समजा १००० फोटो आहेत, त्यात ९०० निरोगी, ८० भुरीचे आणि डाऊनीचे फक्त २०. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून बेतलेत, पण एकीकडे ढीग आणि एकीकडे चिमूटभर हा प्रकार खऱ्या डेटात असाच असतो.

| खरं काय / मॉडेल काय म्हणतं | निरोगी | भुरी | डाऊनी | एकूण |
|---|---|---|---|---|
| निरोगी | ८८२ | १५ | ३ | ९०० |
| भुरी | २२ | ५६ | २ | ८० |
| डाऊनी | ११ | ४ | ५ | २० |
| एकूण | ९१५ | ७५ | १० | १००० |

रिकॉल आडव्या ओळीतून काढायचं. निरोगी ८८२ भागिले ९००, म्हणजे ०.९८. भुरी ५६ भागिले ८०, ०.७०. डाऊनी ५ भागिले २०, ०.२५. प्रिसिजन उभ्या रकान्यातून: निरोगी ८८२ भागिले ९१५ म्हणजे ०.९६४, भुरी ५६ भागिले ७५ म्हणजे ०.७४७, आणि डाऊनी ५ भागिले १०, ०.५०.

मॅक्रो म्हणजे या तीन आकड्यांची सरळ सरासरी, कुठल्या क्लासचे किती फोटो आहेत ते बघायचंच नाही. मॅक्रो प्रिसिजन ०.७३७ येतं आणि मॅक्रो रिकॉल ०.६४३. मायक्रोमध्ये आधी सगळ्या क्लासचे ट्रू पॉझिटिव्ह, फॉल्स पॉझिटिव्ह, फॉल्स निगेटिव्ह एका ढिगात ओतायचे आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा. बरोबर आलेले ८८२ + ५६ + ५ म्हणजे ९४३. फॉल्स पॉझिटिव्ह ३३ + १९ + ५, म्हणजे ५७. फॉल्स निगेटिव्ह १८ + २४ + १५, तेही ५७. दोन्हीकडे ९४३ भागिले १०००, म्हणजे मायक्रो प्रिसिजन ०.९४३ आणि मायक्रो रिकॉलही ०.९४३.

आता मला जे खटकलं ते हेच. दोन्ही ५७ येणं हा योगायोग नाही, तसंच यायला पाहिजे. एका फोटोला एकच उत्तर असेल तर मॉडेल चुकतं तेव्हा ती एक चूक दोन ठिकाणी मोजली जाते, डाऊनीला निरोगी म्हटलं की डाऊनीच्या खात्यात फॉल्स निगेटिव्ह पडतो आणि निरोगीच्या खात्यात फॉल्स पॉझिटिव्ह. सगळं एकत्र ओतल्यावर दोघांची बेरीज सारखी होणारच. म्हणजे मायक्रो प्रिसिजन, मायक्रो रिकॉल, मायक्रो एफ-वन आणि साधी अ‍ॅक्युरसी, चारही नावांखाली एकच आकडा असतो. सायकिट-लर्नचा `classification_report` तर अशा वेळी `micro avg` ही ओळ दाखवतच नाही, तिथे सरळ `accuracy` लिहून मोकळा होतो, आणि मला ते योग्य वाटतं. पण लोकांच्या रिपोर्टमध्ये प्रिसिजनचा रकाना वेगळा, रिकॉलचा वेगळा आणि दोन्हीकडे तोच आकडा असं सर्रास दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की व्वा, मॉडेल काय बॅलन्स्ड आहे. बॅलन्सचा तिथे काही संबंधच नसतो. ज्या प्रश्नासाठी आपण प्रिसिजन आणि रिकॉल वेगळे काढतो, की मॉडेल उगाच ओरडतंय का बघायला हवं ते बघतच नाहीये, त्याचं उत्तर या आकड्यातून मिळूच शकत नाही.

प्रत्यक्ष काम करताना हे कसं अडतं बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीची धास्ती असते. पानापुरतं ठीक, पण घडावर गेली की माल हातचा जातो. आणि सुरुवातीचे ते पिवळसर तेलकट डाग फोटोत पटकन कळत नाहीत, पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते आणि माणूस फोटो काढतो वरून. म्हणून समजा आपण ट्रेनिंगमध्ये डाऊनीचं वजन वाढवलं आणि नवीन मॉडेल असं आलं: निरोगीच्या ९०० पैकी ८७० बरोबर, १८ ना भुरी म्हटलं, १२ ना डाऊनी. भुरीचे ५६ तसेच, २० निरोगीत गेले, ४ डाऊनीत. आणि डाऊनीचे २० पैकी १२ पकडले, ५ निरोगीत गेले, ३ भुरीत.

मायक्रो काय म्हणतं? एकूण बरोबर ९३८, म्हणजे ०.९४३ वरून ०.९३८. मॉडेल थोडं बिघडलं, बस, यापुढे एक शब्द नाही. मॅक्रो रिकॉल ०.६४३ वरून ०.७५६ वर गेलं आणि मॅक्रो प्रिसिजन ०.७३७ वरून ०.७०९ वर आलं. म्हणजे जास्त रोग पकडतोय आणि त्याची किंमत म्हणून खोटे इशारे थोडे वाढलेत. हा सौदा करायचा की नाही यावर आता बोलता येतं. फवारणीचा खर्च किती, हुकलेल्या डाऊनीचा तोटा किती हे बागायतदाराला विचारता येतं. मायक्रो बघत बसलो असतो तर हे मॉडेल बाजूला ठेवलं गेलं असतं आणि कुणाला काही विचारायची वेळच आली नसती. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अजून एक तपासणी मी नेहमी करतो, ती म्हणजे काहीच न शिकलेलं मॉडेल, जे प्रत्येक फोटोला निरोगी म्हणतं. त्याचं मायक्रो ०.९०. आपलं मेहनतीचं मॉडेल ०.९४३. मॅक्रो रिकॉलमध्ये हेच अंतर ०.३३३ आणि ०.६४३ असं दिसतं. मॅक्रो प्रिसिजनचं मात्र इथे जरा सांभाळायला लागतं, कारण भुरी आणि डाऊनी असं एकदाही म्हटलेलं नाही, म्हणजे भागाकार शून्य भागिले शून्य. सायकिट-लर्न तिथे इशारा देऊन शून्य धरतं आणि मॅक्रो प्रिसिजन ०.३० येतं. पण `zero_division=np.nan` दिलं की ते दोन क्लास सरासरीतूनच वगळले जातात आणि त्याच निरुपयोगी मॉडेलचं मॅक्रो प्रिसिजन ०.९० होऊन बसतं! त्यामुळे कुणाचा मॅक्रो प्रिसिजन संशयास्पद चांगला वाटला तर आधी ही सेटिंग बघा.

मॅक्रोची दुसरी बाजूही सांगायला हवी. डाऊनीचे फोटो २० च आहेत, त्यामुळे एक फोटो इकडचा तिकडे झाला की डाऊनीचं रिकॉल ०.०५ ने हलतं आणि मॅक्रो रिकॉल साधारण ०.०१७ ने. तेवढाच फरक निरोगीकडून पडायचा तर ४५ फोटो हलायला लागतात. मायक्रोला एका फोटोने फक्त ०.००१ चा फरक पडतो. म्हणून मॅक्रो ०.६४ चं ०.६६ झालं म्हणून उड्या मारू नयेत, तो एखादा फोटो असू शकतो. माझा अनुभव असा की लहान क्लासमध्ये पन्नासेक तरी नमुने असल्याशिवाय मॅक्रोच्या दुसऱ्या दशांशावर विश्वास ठेवावासा वाटत नाही, आता हा काही नियम नव्हे, माझा अंदाज आहे. आणि एखादा लहान क्लास मुळातच बिनमहत्त्वाचा असेल, 'इतर' वगैरे नावाचा, तर त्याला इतरांच्या बरोबरीचं मत देणं हे मॅक्रोचं खरंच चुकतं.

वेटेड म्हणून एक तिसरा पर्याय दिसतो, तो मधला मार्ग वाटतो पण वेटेड रिकॉल काढून बघा, इथे परत ०.९४३ च येतं. फोटोंच्या संख्येने गुणलं की प्रत्येक क्लासचा भाजक उडतो आणि आपण फिरून अ‍ॅक्युरसीवरच येतो.

आणि मॅक्रो एफ-वन सांगणार असाल तर कसा काढला तेही लिहा. प्रत्येक क्लासचा एफ-वन काढून सरासरी घेतली तर पहिल्या मॉडेलचा ०.६७६ येतो, सायकिट-लर्न हेच करतं. मॅक्रो प्रिसिजन आणि मॅक्रो रिकॉल यांच्यावरून एफ-वन काढला तर ०.६८७. दोन्हीला लोक मॅक्रो एफ-वनच म्हणतात.

आता मायक्रो कुठे घ्यावं? एका पानावर भुरी आणि डाऊनी दोन्ही असू शकतात आणि मॉडेल दोन्ही लेबलं देऊ शकतं, तिथे ते सारखेपणाचं गणित मोडतं आणि मायक्रो प्रिसिजन आणि रिकॉल खरोखर वेगळे होतात. दुसरं म्हणजे निरोगीला हिशोबातून बाहेर काढायचं आणि फक्त रोगांवर मायक्रो घ्यायचं. मजकुरातून नावं शोधणाऱ्या मॉडेलमध्येही हेच करतात, जे शब्द नाव नाहीत ते मोजतच नाहीत.

```python
recall_score(y, p, average='macro')
precision_score(y, p, labels=['bhuri', 'downy'], average='micro')
recall_score(y, p, labels=['bhuri', 'downy'], average='micro')
```

पहिल्या मॉडेलवर खालच्या दोन ओळी चालवल्या तर प्रिसिजन ६१ भागिले ८५, म्हणजे ०.७१८, आणि रिकॉल ६१ भागिले १००, म्हणजे ०.६१. आता हे आकडे बोलतात. मॉडेलने रोग म्हटलेल्या ८५ पानांपैकी ६१ चा रोग बरोबर ओळखला, आणि खऱ्या १०० रोगट पानांपैकी ३९ एकतर हुकली किंवा चुकीच्या रोगात टाकली. हे मायक्रो मला चालतं, फक्त त्यातही शंभरातली ८० पानं भुरीची असल्याने डाऊनी मागच्या बाकावरच बसते.

माझ्या रिपोर्टमध्ये हल्ली मॅक्रो रिकॉल आणि मॅक्रो प्रिसिजन वर असतात, अ‍ॅक्युरसी तिच्याच नावाने एकदा येते, आणि खाली डाऊनीची ओळ वेगळी, २० पैकी किती पकडले ते सरळ मोजून. ज्याच्याकडे सगळे क्लास साधारण सारख्या संख्येचे आहेत त्याने या वादात फार वेळ घालवू नये. क्लासची संख्या अगदी सारखी असेल तर मॅक्रो रिकॉल आणि मायक्रो रिकॉल एकच निघतात.