दोन स्प्रिंगांवरचा बीम: सुपरपोझिशन घ्यावं की इंटिग्रेशन?

दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला बीम समोर आला की बरेच विद्यार्थी रिअ‍ॅक्शन काढतानाच स्प्रिंगच्या ताठपणाकडे वळतात. तिथे त्याची गरजच नाही. आधार दोनच असले की रिअ‍ॅक्शन केवळ समतोलातून येतात, स्प्रिंग मऊ असो वा ताठ. खरी निवड डिफ्लेक्शन काढताना करायची असते.

एक बीम घेऊ. लांबी ४ मीटर, डाव्या टोकापासून १ मीटरवर १२ kN भार, EI = ३००० kN·m², दोन्ही स्प्रिंगांचा ताठपणा १५०० kN/m. मोमेंट घेतले की डावीकडे ९ kN आणि उजवीकडे ३ kN येतात. म्हणजे डावी स्प्रिंग ६ मिमी दबते, उजवी २ मिमी.

सुपरपोझिशनमध्ये आता दोन चित्रं वेगळी काढायची. पहिल्यात बीम अजिबात वाकत नाही, नुसता कलतो, त्यामुळे भाराखाली तो ५ मिमी खाली जातो. दुसऱ्यात आधार पक्के आणि बीम वाकतो:

```
P a² b² / (3 E I L) = 12·1·9 / (3·3000·4) = 0.003 m
```

हे झाले ३ मिमी. एकूण ८ मिमी. सगळं काम चार ओळींत आटोपतं, आणि किती डिफ्लेक्शन स्प्रिंगांमुळे व किती वाकण्यामुळे, हेही कळतं. मला ही पद्धत म्हणूनच आवडते: उत्तर जास्त आलं तर स्प्रिंग ताठ करायची की बीम जाड करायचा, हे लगेच दिसतं.

पण सर्वांत जास्त डिफ्लेक्शन विचारलं, तर सावध राहायला हवं. वाकण्याचं कमाल मूल्य ३.७३ मिमी, दबण्याचं कमाल ६ मिमी, म्हणून एकूण ९.७३ मिमी अशी बेरीज हमखास होते. ती चूक आहे, कारण ही दोन मूल्यं वेगवेगळ्या जागी येतात. बेरीज एकाच बिंदूवरची हवी.

इथे इंटिग्रेशन सरस ठरतं. EI y'' वरून सुरुवात करून डाव्या टोकाला y = ६ मिमी आणि उजव्या टोकाला २ मिमी भरायचे. सवयीने शून्य भरलं, तर स्प्रिंगा गणितातून नाहीशाच होतात. उतार शून्य केला की कमाल बिंदू डावीकडून १.३५ मीटरवर सापडतो, तिथे ८.१७ मिमी. भाराखालच्या ८ मिमीपेक्षा फारसं वेगळं नाही, म्हणून एकाच भारासाठी मी इतकी खटपट करत नाही. भार तीन-चार असले, तर करतो.

मध्यावर तशीच तिसरी स्प्रिंग आली की मात्र रिअ‍ॅक्शन ताठपणावर अवलंबून राहतात. सुपरपोझिशन तेव्हाही चालतं. मधला आधार काढला तर मध्य ७.६७ मिमी खाली जातो, आणि तिथे १ kN वर लावला तर ०.७८ मिमी उचलला जातो, त्यात टोकांच्या स्प्रिंगांचा वाटा ०.३३. मधली स्प्रिंग स्वतः दर kN ला ०.६७ मिमी दबते. ७.६७ ला १.४४ ने भागलं की तिची रिअ‍ॅक्शन येते: ५.३ kN.