नोटिशीत थकबाकी १,४४,०००, खरी थकबाकी ४,५००

सांगलीत खणभागातला दहा बाय बाराचा गाळा. त्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, भाडं महिना ४,५००. जून २०२४ च्या सुरुवातीला या भाडेकरूला वकिलाची नोटीस आली: जून २०२२ ते मे २०२४ असं चोवीस महिन्यांचं भाडं महिना ६,००० प्रमाणे थकलं आहे, १,४४,००० भरा आणि गाळा खाली करून द्या. फसवणूक कशी झाली आणि उत्तर कसं दिलं, ते इथे सगळं मांडतोय, कारण असाच डाव कुणाच्याही गाळ्यावर टाकता येतो.

डाव एका दिवसात रचलेला नव्हता. म्हातारे मालक होते तोवर रोख भाडं घ्यायचे आणि भाडेकरूच्या छोट्या वहीत सही करायचे. २०१९ च्या महापुरात जुनी वही गेली, पुढच्या वहीत ऑगस्ट २०२२ पर्यंतच्या सह्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये मालक वारले. मुलगा म्हणाला, आता रोख नको, माझ्या नंबरवर टाका. नऊ महिने तसंच चाललं. जून २०२३ मध्ये त्याने व्हॉट्सॲपवर पुतण्याचा नंबर पाठवला, "माझ्या खात्याचा प्रॉब्लेम आहे, इथून पुढं याच्यावर टाका". भाडेकरूने टाकले. पावती एकदाही मागितली नाही, मिळालीही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे भाडं घेतलं की लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे आणि न देणं हा दंडनीय गुन्हा आहे. पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात मागायला संकोच वाटतो. तो संकोचच इथे महागात पडला.

नोटीस हातात आल्यावर भाडेकरूने मालकाच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अहो, वकिलाने फॉर्मॅलिटी म्हणून पाठवलीय, भावांच्या वाटणीचं काम आहे, तुम्ही काही करू नका." सगळ्यात घातक वाक्य हेच. कलम १५(२) प्रमाणे थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. हे ९० दिवस भाडेकरूसाठी आहेत. खरोखर जे देणं असेल ते या काळात देऊन टाकलं, तर थकबाकीच्या दाव्याला आधारच राहत नाही. "काही करू नका" म्हणणाऱ्याला हे दिवस गप्प बसून जायला हवे असतात. नोटीस ८ जूनला मिळाली होती, म्हणजे ९० वा दिवस ६ सप्टेंबर. नोटिशीचं पाकीट फेकायचं नाही. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि ट्रॅकिंगची प्रिंट यांवरूनच मोजणी सिद्ध होते, नोटिशीवर छापलेल्या तारखेवरून नाही.

आता हिशोब. चोवीस महिन्यांपैकी पहिल्या तीन महिन्यांच्या (जून ते ऑगस्ट २०२२) वहीत सह्या, १३,५००. नंतरचे नऊ महिने मुलाच्या नंबरवर, ४०,५००. जून २०२३ पासूनच्या बारा महिन्यांपैकी अकरा महिने पुतण्याच्या नंबरवर, ४९,५००. एकूण १,०३,५००. चोवीस महिन्यांचं भाडं ४,५०० प्रमाणे १,०८,०००. एक महिना खरोखर राहिला होता, ऑक्टोबर २०२३. सणासुदीच्या गडबडीत भाडेकरू विसरला आणि मालकाकडून आठवणही आली नाही.

त्या एका महिन्याबद्दल घरचे सगळे म्हणत होते, उत्तरात "एक रुपयाही बाकी नाही" असं लिहा. हे मुळीच करू नये. खोटं सापडलं की बाकीचे खरे तेवीस महिनेही संशयात येतात. शिवाय देणं मान्य करून भरल्यानेच कायद्यातली "भाडं द्यायला तयार व राजी" ही अट पूर्ण होते. उत्तराचे महत्त्वाचे परिच्छेद असे होते:

"नोटिशीतील परिच्छेद ३ मधील थकबाकीचा मजकूर खोटा असून तो नाकबूल आहे. ठरलेले भाडे दरमहा ४,५०० असून ६,००० असे भाडे कधीही ठरलेले नाही, तशी लेखी मागणीही झालेली नाही.

सोबतच्या तक्त्याप्रमाणे २३ महिन्यांचे भाडे आमच्या अशिलांनी अदा केले आहे. पुतण्याच्या क्रमांकावरील ११ रकमा आपल्या अशिलांच्या लेखी सूचनेवरून पाठविल्या असून त्या त्यांनी स्वीकारल्या आहेत.

ऑक्टोबर २०२३ चे भाडे ४,५०० नजरचुकीने राहिले होते. ते आज रोजी आपल्या अशिलांच्या बँक खात्यात जमा केले असून व्यवहार क्रमांक तक्त्यात नमूद आहे. यापुढेही आमचे अशील भाडे देण्यास तयार व राजी आहेत."

६,००० चा आकडा मुद्दाम घातलेला होता. दर वाढवून सांगितला की प्रत्येक महिना अपुरा भरलेला दिसतो आणि सगळे महिने थकबाकीत जातात. कलम ११ प्रमाणे मालक वर्षाला ४ टक्के वाढ करू शकतो. ४,५०० वर ते १८० रुपये, म्हणजे पहिल्या वर्षी फार तर ४,६८०. तेवीस महिने ४,५०० घेऊन गप्प बसलेला माणूस नंतर ६,००० ठरले होते म्हणतो, याला कागद लागतो, आणि कागद नव्हता. करारच लेखी नसेल तर कलम ५५ भाडेकरूच्या बाजूने उभं राहतं: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

तक्ता मात्र नीट बनवावा लागतो. प्रत्येक महिन्याची एक ओळ: कोणत्या महिन्याचं भाडं, कधी दिलं, किती, कसं, कुणाच्या नावावर, आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक. फोनवरचे स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. ॲपमध्ये समोरच्याचं नाव बदलू शकतं, फोन बिघडला की सगळं जातं. बँकेत जाऊन दोन वर्षांचा खातेउतारा शिक्का-सहीनिशी घ्या, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालचं प्रमाणपत्र जोडून. व्हॉट्सॲपचं संभाषण तारखांसह एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका, रिसेटही करू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फोन हातात असेल तर सोपं जातं. या प्रकरणात पुतण्याचा नंबर पाठवणारा तो एक मेसेज आणि पुढच्या सात महिन्यांत "मिळाले" असं आलेलं उत्तर, यांचं मोल ४९,५०० रुपयांचं होतं.

पुतण्याच्या पैशांवरची पहिली पळवाट अपेक्षित होती: "तो त्यांचा आपसातला व्यवहार". दुसरी जास्त चलाख निघाली. मुलाच्या स्वतःच्या नंबरवर आलेल्या ४०,५०० बद्दल म्हणणं आलं, ते भाडं नव्हतं, हातउसने परत केलेले पैसे होते. इथे भारतीय करार कायद्याची कलमं ५९ आणि ६० कळीची ठरतात. देणाऱ्याने पैसे कशासाठी हे सांगितलं, किंवा परिस्थितीवरून ते उघड असलं, तर घेणाऱ्याला ते त्याच देण्यात धरावे लागतात. काहीच सांगितलं नाही, तर घेणारा ते दुसऱ्या कोणत्याही खऱ्या देण्यात जमा करू शकतो, अगदी मुदतबाह्य देण्यातसुद्धा. भाडेकरूने यूपीआयच्या नोंदीच्या रकान्यात कधीच काही लिहिलं नव्हतं. वाचवलं ते परिस्थितीने: दर महिन्याच्या ५ ते १० तारखेदरम्यान, बरोबर ४,५००, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. हातउसने असे परत होत नाहीत. उत्तरात हे वाक्यात लिहिलं, फक्त तक्त्यावर सोडलं नाही. तरीही "जानेवारी २०२३ भाडे" एवढे तीन शब्द प्रत्येक वेळी टाइप केले असते तर हा वादच उभा राहिला नसता.

वारसांबाबत एक खबरदारी. म्हातारे मालक गेल्यावर "तुम्ही मालक कशावरून" असं लिहायचा मोह होतो. मालकी नाकारणारं वाक्य उत्तरात घालू नका. मालकी नाकारणं हेच भाडेकरूविरुद्ध कारण म्हणून वापरतात. सर्व वारसांची नावं आणि भाडं कोणत्या खात्यात द्यायचं हे लेखी कळवावं, एवढंच नम्रपणे मागा.

उत्तर वकिलाला आणि प्रत थेट मालकाला, दोन्ही स्पीड पोस्टाने पोचपावतीसह गेली. मालकाची प्रत "घेण्यास नकार" शेऱ्याने परत आली. असं पाकीट उघडायचं नाही. बंद पाकीट, त्यावरचा शेरा आणि तारीख, हा स्वतःच पुरावा आहे.

दावा लागलाच तर नवे ९० दिवस सुरू होतात, ते समन्स मिळाल्यापासून. कलम १५(३) प्रमाणे या मुदतीत तोवर देय असलेलं भाडं साध्या १५ टक्के व्याजासह कोर्टात भरलं आणि निकालापर्यंत दरमहा नियमित भरत राहिलं, शिवाय कोर्ट ठरवील तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूम होत नाही. ही मुदत काटेकोर धरतात. म्हणून वादातली रक्कमसुद्धा हरकत राखून कोर्टात भरण्याचा विचार वकिलाशी बोलून वेळेत करावा. इथे वादातले म्हणजे पुतण्याचे ४९,५०० आणि मुलाच्या नंबरवरचे ४०,५००. दोनदा भरल्यासारखं वाटतं, पोटात गोळा येतो. पण ते आधीच दिले होते असं ठरलं तर रक्कम परत किंवा वळती होते. न भरता उलट ठरलं, तर गाळा जातो. आणि दावा चालू असताना मालक बाहेर गोडीत भाडं मागेल, तेव्हा कोर्टातच भरायचं आणि चलनाची पावती फाइलला लावायची.

हे सगळं भाडेकरूला लागू आहे. तुमच्या कागदावर "लिव्ह अँड लायसन्स" लिहिलेलं असेल तर हे ९० दिवस तुमचे नाहीत. राहत्या जागेची मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी कराराचा पहिला परिच्छेद वाचून घ्या.

जुलैत मुलाचा पुन्हा मेसेज आला, या महिन्याचं भाडं पुतण्याकडेच द्या. भाडेकरूने ते मुलाच्या स्वतःच्या खात्यात एनईएफटीने टाकलं आणि नोंदीत लिहिलं: "जुलै २०२४ भाडे, खणभाग गाळा".