पटाशीचा तुकडा पडला: तोच चिकटवायचा की नवा बांधायचा?

गेल्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नऊ वर्षांचा एक मुलगा पाळण्याच्या रांगेतून धावत सुटला आणि लोखंडी बॅरिकेडवर तोंडावर आपटला. वरच्या दोन मोठ्या पटाशींपैकी उजवीचा मधल्या बाजूचा कोपरा, साधारण एक तृतीयांश, तिरका तुटला. सोबतच्या आजीने मोबाईलच्या उजेडात होम मैदानाच्या धुळीतून तो तुकडा शोधून काढला. एवढ्या गर्दीत हे काम सोपं नव्हतं. मग त्यांनी तो टिश्यू पेपरात गुंडाळून पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आणला. "डॉक्टर, चिकटतोय का कसं?"

कागद उघडला तर आत खडूसारखा पांढराफटक तुकडा. त्याला पाण्याच्या वाटीत टाकलं आणि आधी मुलाचं तोंड बघायला घेतलं.

या प्रसंगात पालकांसमोर दोनदा निवड येते. पहिली रस्त्यावर: तुकडा कशात न्यायचा. दुसरी खुर्चीत: तोच जोडायचा की मसाल्याने दात नव्याने बांधायचा. पहिली चुकली तर दुसरीतला एक पर्याय अवघड होतो.

रस्त्यावर मोठा गोंधळ दुधामुळे होतो. "दात पडला की दुधात ठेवा" हे आता पुष्कळांना माहीत आहे आणि ते खरंही आहे, पण ते मुळासकट निखळलेल्या दातासाठी. तसा दात जवळपास दोन-सव्वादोन सेंटीमीटर लांब असतो, खाली पिवळसर निमुळतं मूळ दिसतं. त्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, दुधात काही वेळ तग धरतात. तिथे खरंच मिनिटं मोजायची असतात. कायमचा दात असेल तर पांढऱ्या भागाला धरून, मूळ न घासता, तिथल्या तिथे खोबणीत परत बसवून रुमाल चावायला देणं सगळ्यात चांगलं. ते जमलं नाही तर दुधात टाकून लगेच निघायचं. दुधाचा दात मात्र कधीच परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

तुटलेल्या तुकड्याचं तसं नाही. त्यावर जगवायच्या पेशी नसतात, त्याला फक्त ओलं राहायचं असतं. दूध चालेल, सलाईन चालेल, नळाचं पाणीही चालेल. प्यायच्या बाटलीत टाकला तरी काम झालं. दूध शोधत सात रस्ता चौकापर्यंत पळायची गरज नाही. न चालणारी गोष्ट एकच, कोरडं ठेवणं. दाताच्या आतल्या पिवळट थरात सूक्ष्म नळ्या असतात. त्यांतलं पाणी उडालं की तुकडा पांढरा पडतो, ठिसूळ होतो आणि चिकटवल्यावर पकडही कमी मिळते. आपल्याकडच्या हवेत, उन्हाळ्यात तर विचारूच नका, टिश्यूतला तुकडा फार लवकर सुकतो. हातात आहे तो तुकडा की अख्खा दात हे ओळखता येत नसेल तर सरळ दुधात टाका, दोन्हींना ते चालतं.

तुकडा सापडलाच नाही आणि ओठ फाटलाय, असं असेल तर ओठाकडे संशयाने बघा. पडताना तुकडा ओठात रुतून बसतो, वरून टाके घातले जातात आणि काही दिवसांनी आत कडक गाठ लागते. टाक्यांआधी ओठाचा एक्स-रे मागून घ्या. मुलाला पडल्यापासून सतत खोकला किंवा श्वासात शिट्टी येत असेल तर तुकडा श्वासनलिकेत गेला असू शकतो. ते, बेशुद्धी किंवा उलट्या यांपैकी काही असेल तर दातवाला नंतर, सिव्हिल आधी.

बाकी वाटेतलं काम थोडं आहे. साध्या पाण्याने चूळ, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाब, ओठावर बाहेरून बर्फ. ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायला लावलं की वाऱ्याची कळ कमी येते. तुटलेल्या जागी लवंगेचं तेल लावू नका. घरचा झटपट गोंद तर अजिबात नको. तो वेडावाकडा बसतो, आणि मग तो खरवडण्यातच तुकड्याची कड जाते.

आता खुर्चीतली निवड. त्या मुलाचा एक्स-रे काढला, मूळ शाबूत होतं, पण टोकाला अजून पूर्ण बंद झालेलं नव्हतं. या वयात तसंच असतं. दात हलत नव्हता. तुटलेल्या जागी मधोमध फिकट गुलाबी छटा दिसत होती, रक्त नव्हतं. म्हणजे नस उघडी पडली नव्हती, पण तिच्यावरचा थर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ उरला होता. या वयात नस जिवंत ठेवणं हे दिसण्यापेक्षा मोठं काम असतं, कारण मुळाची उरलेली वाढ तिच्या जिवावर व्हायची असते.

पाण्यातला तुकडा वीस मिनिटांनी काढून दातावर टेकवून पाहिला. कड कडेला बसली, मध्ये फट नव्हती. तुटण्याची रेघ मागच्या बाजूनेही हिरडीच्या वर होती. एवढं जुळलं की माझा कौल जोडण्याकडे जातो.

कारण सांगतो. मसाल्याने, म्हणजे कॉम्पोझिटने, दात बांधायचा तर रंग, कडेची काचेसारखी झाक, पृष्ठभागावरच्या बारीक लहरी हे सगळं डॉक्टरच्या हातातून उतरावं लागतं. रंगाची निवडसुद्धा दात कोरडा व्हायच्या आधी करावी लागते, नाहीतर उजळ मसाला निवडला जातो आणि दोन दिवसांनी दोन दात दोन रंगांचे दिसतात. पुढे चहा-हळदीने त्याच्यावर डाग चढतात, अधूनमधून पॉलिश लागतं, आणि शेजारच्या दाताहून तो वेगळ्या गतीने झिजतो. तुकडा जोडला तर आकार आणि झीज मुलाची स्वतःचीच राहते. खुर्चीतला वेळ दोन्हींना सारखाच, तासाभराच्या आसपास. सामानही बरंचसं तेच, त्यामुळे आमच्याकडे खर्चात मोठा फरक पडत नाही.

जोडलेल्या तुकड्याची कमजोरी पकडीत आहे. तो अखंड दाताइतका मजबूत कधीच नसतो. दुसरा मार बसला किंवा पुढच्या दाताने काही कडक तोडलं तर बहुतेक वेळा त्याच रेघेवर सुटतो. रेघ थोडीफार दिसू शकते. आणि आधी सुकलेला तुकडा काही दिवस, कधी काही आठवडे, शेजाऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. पुष्कळदा रंग परततो, पण कधी पूर्ण परतत नाही. कॉम्पोझिट उलट, तुटलं तर वर मसाला चढवून तिथल्या तिथे दुरुस्त होतं. तरीही मी आधी तुकडाच जोडतो, कारण तो उद्या सुटला तर कॉम्पोझिटचा रस्ता उघडाच असतो. आधी मसाल्याने बांधून तुकडा फेकून दिला तर मागे फिरता येत नाही.

जोडणं मी टाळतो ते अशा दातांत: तुकड्याचे दोन-तीन भाग झालेत आणि मधली कपची हरवलीय, किंवा रेघ हिरडीखाली उतरलीय. हिरडीखाली रक्त आणि ओल थांबत नाही, आणि ओल्या जागी चिकटपणा धरत नाही. तिथे हिरडी थोडी सरकवावी लागते किंवा दात हळूहळू बाहेर ओढून घ्यावा लागतो. नस उघडी पडून रक्ताचा ठिपका दिसत असेल तर पालक घाबरून रूट कॅनॉलच्या तयारीने येतात. लहान मुलात वरचा दोनेक मिलिमीटर नसेचा भाग काढून औषध घालून झाकला तर खालची नस बहुतेक जगते, आणि त्यावर तुकडाही जोडता येतो. कॅपचा विषय या वयात काढूच नये. तिच्यासाठी चांगला दात चारी बाजूंनी घासावा लागतो, आणि हिरडी अजून वर सरकायची असते.

त्या मुलाला भूल दिली, दाताभोवती रबराचा पडदा लावला. गुलाबी जागेवर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा ठिपका आणि त्यावर ग्लास आयोनोमरचा पातळ थर. आता या थरामुळे तुकडा नीट बसेना, म्हणून तुकड्याच्या आतून तेवढीच खोलगट जागा कोरली. ही पायरी घाईत राहिली की तुकडा केसभर उंच बसतो आणि खालचा दात नेमका त्याच्यावर आपटत राहतो. मग दोन्ही कडांना 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल पंधरा-वीस सेकंद, धुवून बाँड, मध्ये पातळ मसाला, आणि बोटाने दाबून धरत पुढून-मागून निळा दिवा. शेवटी रेघेवरून उथळ चर कोरून ती मसाल्याने भरली, त्याने पकड वाढते आणि रेघही झाकली जाते.

निघताना आजींनी विचारलं, "कडक भाकरी?" म्हटलं, आमटीत कुस्करून खाऊ द्या, पण पुढच्या दाताने तोडायची नाही. उसाचं कांडं, पेनाचं टोपण, बाटलीचं झाकण, सगळ्यांना तोच नियम.

सहा-आठ आठवड्यांनी आणि मग वर्षाने दाखवायला या, असं सांगितलं. थंडाची चाचणी पहिल्या दिवशी गप्प आली तरी नस मेली असं धरायचं नसतं, माराने ती काही आठवडे बधिर राहते. पण दात करडा पडू लागला, हिरडीवर फोडी आली, चावताना दुखू लागलं, तर तारखेची वाट बघायची नाही. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा थंड लागत होतं, एक्स-रेत मुळाची वाढ पुढे सरकलेली होती, आणि तुकड्याचा रंग शेजाऱ्याला जवळपास येऊन मिळाला होता.

सप्टेंबरात तो परत आला. शाळेत सोड्याचं झाकण दाताने उघडलं होतं. या वेळी आजींनी तुकडा पाण्याच्या बाटलीत टाकून आणला, अगदी ओला, पण त्याची एक कड चुरली होती आणि दातावर ठेवल्यावर मध्ये नखाच्या जाडीएवढी फट राहत होती. तुकडा बाजूला ठेवला आणि कॉम्पोझिटची रंगपट्टी काढली.