लिंक पाठवू की फोल्डरात बोलावू? दोन्ही आठ महिने वापरल्यावर

मी घरून पुस्तकांची आणि अंकांची मांडणी करते. पानं पक्की झाली की इनडिझाइनची फाइल, फॉन्ट आणि चित्रांचं लिंक्स फोल्डर असं सगळं पॅकेज दीड-दोन जीबीचं होतं. मेलने ते जात नाही, कारण जीमेलची मर्यादाच २५ एमबी आहे. म्हणून दिवाळी अंकाच्या वेळी मी सगळ्यांना एकाच शेअर्ड फोल्डरात बोलावलं: संपादक, मुद्रितशोधक आणि प्रेसवाले. म्हटलं, रोज कोण लिंका पाठवत बसणार.

पहिला फटका अंक छापायला जायच्या आदल्या रात्री बसला. प्रेसमधल्या ऑपरेटरने त्याच्या कॉम्प्युटरवर सिंक झालेल्या फोल्डरातून अंकाची पीडीएफ उचलली आणि डेस्कटॉपवर ओढून टाकली. त्याच्या मते त्याने कॉपी केली. पण विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हवर फाइल ओढली की कॉपी होत नाही, ती हलते. सिंकच्या दृष्टीने फाइल फोल्डरातून गेली, म्हणून ती सगळ्यांच्याच फोल्डरातून गेली. साडेअकराला संपादकांचा फोन, "अहो, अंक कुठे गेला?" साइटवरच्या डिलीट केलेल्या फाइल्समधून मी तो परत आणला, पण ती दहा मिनिटं विसरणार नाही. चूक त्याची नव्हती. त्याला फक्त फाइल न्यायची होती आणि मी त्याच्या हातात बदल करायचा अधिकार दिला होता. 'फक्त पाहणारा' म्हणून बोलावलं असतं तर हे घडलंच नसतं.

तेव्हापासून प्रेससाठी मी फाइल पाठवण्याच्या वेगळ्या साइटवर चढवते आणि काही दिवसांत आपोआप बंद होणारी लिंक पाठवते. तिचा मोठा गुण म्हणजे ती त्या क्षणीची प्रत असते. मी घरी पान ४७ वरची वेलांटी दुरुस्त केली तरी प्रेसकडची फाइल तीच राहते. हे ऐकायला गैरसोयीचं वाटेल, पण छपाईला नेमकं हेच हवं असतं. कोणत्या फाइलवरून प्लेट निघाली यावर वाद उरत नाही. दुरुस्ती पाठवायची तर नवी लिंक, फाइलच्या नावात तारीख आणि तास, आणि आधीची लिंक लगेच रद्द. रद्द करण्याची सोय लॉगिन करून पाठवलं तरच मिळते, हे मला उशिरा कळलं. शिवाय समोरच्याला खातं लागत नाही. आमच्या प्रेसमालकांचा ईमेल पुतण्याने उघडलेला, मोबाइलवर दुसरंच खातं चालू. फोल्डराचं आमंत्रण पाठवलं की दर वेळी 'परवानगी मागा' असा पडदा यायचा आणि मला फोन.

लिंकेचे त्रासही आहेत. अपलोड ब्राउझरच्या टॅबमध्ये चालतं. टॅब मिटला किंवा लॅपटॉप झोपला की बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू. माझ्या लाइनला अपलोड साधारण २० एमबीपीएस मिळतं, म्हणजे १.८ जीबीला बारा-तेरा मिनिटं, तीही लाइट गेली नाही तर. सिंकचं अ‍ॅप मात्र अर्ध्यावरून पुढे चालू होतं. आणि मुदत. एकदा शुक्रवारी संध्याकाळी पाठवली, प्रेसला सोमवारी सुट्टी, मंगळवारी लिंक मेलेली. आता सुट्टी विचारूनच मुदत ठरवते. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल मिळते, म्हणून अप्रकाशित पुस्तक असेल तर पासवर्ड लावून तो फोनवर सांगते. फाइल पूर्ण उतरली का, हे मी ऑपरेटरला राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधले बाइट्स वाचायला लावून तपासते. आकडा कमी आला की डाउनलोड अर्धवट.

मग फोल्डर कशाला ठेवला? संपादक आणि मुद्रितशोधकासाठी. ते फाइल नेत नाहीत, तिच्यावर काम करतात. आज टिपा टाकल्या, उद्या मी दुरुस्त केलं, परवा पुन्हा टिपा. लिंकांवर हे केलं तर तीन दिवसांत 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' जमतात. पण पूर्ण पॅकेज तिथून एकदम उतरवायला सांगू नका. गूगल ड्राइव्ह मोठं फोल्डर अनेक झिपांत तोडून देतं. एक झिप इकडे आणि दुसरी तिकडे उघडली की इनडिझाइनला निम्मी चित्रं सापडत नाहीत. म्हणून मी आधी स्वतःच एक झिप बनवते.

जागेचा हिशोबही आधी बघा. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मेल आणि फोटोही येतात, आणि फाइल ज्याच्या मालकीची त्याचीच जागा जाते. ड्रॉपबॉक्समध्ये शेअर्ड फोल्डर त्यातल्या प्रत्येकाच्या जागेत मोजला जातो आणि फुकट खात्यात २ जीबीच मिळतात. मुद्रितशोधक बाईंचं खातं माझ्या एका अंकाने भरलं होतं.

अंक छापून आला की मी फोल्डरातली नावं काढते. मागच्या वर्षीच्या फोल्डरात मात्र अजून एक जुना ऑपरेटर दिसतो. तो प्रेस सोडून गेला, असं कालच कळलं.