प्रेशर हळू चढते म्हणून कॉम्प्रेसरच बदलायला लावला: ३१,४०० रुपयांना झालेली फसवणूक

नागपूर आणि आसपासच्या ट्रकमालकांनी, विशेषतः जे माझ्यासारखे स्वतःची एकच गाडी स्वतः चालवतात त्यांनी, हे शेवटपर्यंत वाचावे. एअर ब्रेकचे प्रेशर हळू चढते या एका तक्रारीवर कापसीकडच्या एका गॅरेजने माझ्याकडून ३१,४०० रुपये घेतले, चांगला कॉम्प्रेसर काढून घेतला, रंग मारलेला जुना बसवला आणि जो खरा दोष होता तो मला न सांगता पुसून साफ केला. खरा दोष १,३५० रुपयांच्या किटचा होता.

माझी गाडी दहाचाकी आहे आणि तिला एअर ड्रायर आहे. गेल्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्यावर प्रेशरचा काटा रेंगाळू लागला. सहा बारवरून सात बारवर जायला, इंजिन रेसमध्ये ठेवूनही, दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्याच्या चाचणीत ८५ वरून १०० पीएसआय, म्हणजे साधारण ५.९ वरून ६.९ बार, ४५ सेकंदांत चढले पाहिजे असा मापदंड आहे. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. पण दोन मिनिटे लागत असतील तर कुठेतरी हवा जात आहे किंवा कमी तयार होत आहे, एवढे निश्चित समजावे.

गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी मी दोन गोष्टी स्वतः पाहिल्या होत्या आणि दोन्ही मी त्या मिस्त्रीला सांगितल्या. पहिली म्हणजे, रात्री सात बारवर बंद केलेल्या गाडीचा काटा सकाळी सहाच्या खाली गेलेला नव्हता. दुसरी म्हणजे, प्रेशर चढत असताना ड्रायरच्या खालच्या तोंडातून सतत बारीक हवा सुटत होती. मी तिथे हात धरून पाहिला होता, तळहाताला गार फुंकर लागत होती. यावर तो म्हणाला, "भाऊ, ड्रायरमधून हवा सुटतेच ना, त्याचं कामच ते आहे. तुमचा कॉम्प्रेसर गेला. रिंगा बसल्या त्याच्या."

हाच तो क्षण. आजही तो आठवला की अंगाचा तिळपापड होतो, कारण त्याचे वाक्य अर्धे खरे होते आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस फसतो. ड्रायरमधून हवा सुटते हे बरोबर आहे, पण ती कधी सुटते हे त्याने सांगितले नाही. टाक्या भरल्या, काटा कट-आउटपर्यंत पोचला, की गव्हर्नर खालचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साचलेले पाणी-तेल घेऊन हवा एकदम फस्स करून बाहेर पडते. त्यानंतर कॉम्प्रेसर फिरत राहतो, पण त्याची हवा बाहेरच जाते, आणि काटा उतरून कट-इनला आला की व्हॉल्व्ह पुन्हा बंद होतो. काटा वर चढत असताना मात्र ते तोंड पूर्ण बंद असायला हवे. त्या वेळी तिथून हवा येत असेल, तर पर्ज व्हॉल्व्हच्या सीटवर कार्बन किंवा चिकट तेल बसले आहे किंवा गव्हर्नर त्याला अर्धवट उघडे ठेवत आहे. कॉम्प्रेसर हवा भरतो आहे आणि ती टाकीत पोचण्याआधीच रस्त्यावर जात आहे. टाकीतले प्रेशर रात्रभर टिकले, कारण ड्रायरच्या पुढे चेक व्हॉल्व्ह असतो आणि तो टाकीतली हवा मागे येऊ देत नाही. म्हणजे माझ्या दोन्ही निरीक्षणांनी दोषाची जागा बोट ठेवून दाखवली होती. पुढची लाइन ठीक, गळती ड्रायरवर. मिस्त्रीला हे कळले नसेल यावर माझा विश्वास नाही.

त्याने पुरावा म्हणून टाकीचा ड्रेन उघडून हातावर हवा घेतली आणि तेलाचा पातळ थर दाखवला. असा थोडासा थर जुन्या गाडीत, कार्ट्रिज वेळेवर न बदललेल्या ड्रायरमागे, सापडू शकतो. त्यावरून रिंगा झिजल्या असे ठरत नाही. झिजलेला कॉम्प्रेसर टाकीत तेल भरून देतो, ड्रेन उघडला की पाण्याबरोबर काळपट तेल वाहते, हेडमधून ठकठक येते आणि डिलिव्हरी पाइपच्या आत कार्बनचा कडक थर चढतो. हा पाइप ड्रायरच्या बाजूने उघडून आत पाहिल्याशिवाय कोणी कॉम्प्रेसर बदला म्हणाले, तर गाडी तिथून काढावी. कार्बनने अर्धा बुजलेला पाइपसुद्धा प्रेशर हळू चढवतो आणि त्याला साफसफाई पुरते.

मी तेव्हा का थांबलो नाही, असे मला बरेच जण विचारतात. त्या दिवशी कळमन्यात मिरचीचा माल भरायला लागला होता, व्यापाऱ्याचे फोन चालू होते आणि "घाटात ब्रेक लागले नाहीत तर मला नका म्हणू" असे मिस्त्रीने चार माणसांदेखत सुनावले होते. ब्रेकच्या नावाने घाबरवल्यावर कोणता गाडीवाला पैशांचा हिशेब करत बसेल? हे लोक नेमके तेच ओळखून असतात.

हिशेब असा झाला: कॉम्प्रेसर २४,५००, डिलिव्हरी पाइप २,४००, गॅस्केट आणि ऑइल ९००, मजुरी ३,६००. एकूण ३१,४००, त्यातले २०,००० फोनवरून आणि ११,४०० रोख. बिल म्हणून एका कोऱ्या पावतीवर "कॉम्प्रेसर काम" एवढेच लिहून दिले. जुना कॉम्प्रेसर भंगार म्हणून त्याने ठेवून घेतला. जुना भाग कधीही तिथे सोडू नये, मग तो कितीही तेलकट असो. पुरावा तोच असतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला रंगवून विकायचा मालही तोच असतो.

काम झाल्यावर काटा झपाट्याने चढला आणि माझे समाधान झाले. ते का झाले हे मला पुढे वाडीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे कळले, कारण काही आठवड्यांतच काटा पुन्हा रेंगाळू लागला होता. त्यांनी आधी चाकांना लाकडी गुटके लावले, टाक्या भरून इंजिन बंद केले, हँडब्रेक सोडला आणि काटा पाहिला. मग पायाचा ब्रेक मिनिटभर दाबून धरायला लावला. पाय ठेवताच काटा एकदा थोडा उतरतो, तो धरायचा नाही. त्यानंतर मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.२ बारपर्यंतची घट त्याच परवान्याच्या चाचणीत एकट्या ट्रकला चालते. माझी त्यापेक्षा कमीच होती. ब्रेक चेंबर, होज, जोड, सगळीकडे साबणाचे पाणी लावले, कुठेही बुडबुडा आला नाही. मग ते गाडीखाली गेले आणि त्यांनी मला ड्रायरचा तळ दाखवला. सगळा ड्रायर चिखलाने माखलेला होता, पण पर्ज व्हॉल्व्हचे झाकण तेवढे स्वच्छ पुसलेले होते आणि त्याच्या सर्क्लिपवर पक्कडीचे ताजे ओरखडे होते. म्हणजे पहिल्याने तो व्हॉल्व्ह खोलून साफ केला होता. प्रेशर चढले ते त्या सफाईमुळे, आणि पैसे घेतले कॉम्प्रेसरचे!

कॉम्प्रेसरवरचा चंदेरी रंग गॅस्केटच्या कडेवरही ओघळलेला होता, बोल्टच्या माथ्यावरही होता, आणि नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर फिरवलेला होता. पाइप उघडल्यावर आतून तेल ठिबकले. या रंगवलेल्या डब्याने फेकलेल्या तेलाने कार्ट्रिज भिजले होते, पर्ज व्हॉल्व्ह पुन्हा चिकटला होता. त्यावर कहर म्हणजे गव्हर्नरचा स्क्रू आत पिळून कट-आउट साडेनऊ बारपर्यंत नेलेला होता, बहुधा "प्रेशर दणक्यात येते" असे दाखवण्यासाठी. त्यामुळे आधीच थकलेला कॉम्प्रेसर जास्त वेळ भाराखाली चालला, जास्त तापला आणि जास्त तेल फेकू लागला. गव्हर्नर पिळून कोणत्याही गाडीचे ब्रेक सुधारत नाहीत. फस्स होताना काटा कुठे आहे आणि पुन्हा चढू लागतो तो कुठून, हे दोन आकडे प्रत्येक कामाच्या आधी व नंतर लिहून ठेवावेत, आणि कोणी स्क्रूला हात लावला तर कारण विचारावे.

दुसऱ्यांदा मला नवा कॉम्प्रेसर पक्क्या बिलावर २२,६००, कार्ट्रिज ३,८००, व्हॉल्व्ह किट १,३५० आणि मजुरी ३,००० असे ३०,७५० रुपये पडले. दोन्ही मिळून ६२,१५० रुपये गेले.

आता तक्रारीचे ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, नंतर "तुम्ही स्वखुशीने पैसे दिले" असे ऐकवले, शेवटी हा दिवाणी वाद आहे म्हणून साधा अर्ज ठेवून घेतला आणि त्याची पोचही मागून मागून मिळाली. जुना माल नवा म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे हे मी लिहून नेले होते, तर मलाच विचारले गेले की कायदा तुम्ही शिकवणार का. कॉम्प्रेसरच्या कंपनीने सांगितले की नंबर वाचता येत नसेल तर माल आमचा की कोणाचा हे सांगता येत नाही. आमच्याच संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने "आपल्याच लाइनचा माणूस आहे, मिटवून घ्या" असा सल्ला दिला. वर्गणी घेताना लाइन आठवत नाही, मिटवताना बरी आठवते. गॅरेजवाला तर छातीठोकपणे म्हणाला की ट्रक व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ खोटे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक वापर वगळलेला असला, तरी जो माणूस केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरतो, तो ग्राहकच धरला जातो. गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी आपला परवाना आणि गाडीची कागदपत्रे तक्रारीला जोडावीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

माझी तक्रार दाखल झाली आहे. त्यात सर्वांत कच्चा दुवा एकच आहे: माझ्या मूळ कॉम्प्रेसरचा नंबर माझ्याकडे नाही. तो हेडखालच्या पट्टीवर असतो, चिंधीने पुसला की दिसतो. तुमची गाडी आज उभी असेल तर इंजिन थंड असताना कॉम्प्रेसर, ड्रायर आणि ब्रेक चेंबरच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा, आणि गॅरेजमध्ये शिरण्याआधी मिस्त्रीला ते दाखवा.