सायक्लोन आणि स्क्रबरच्या खरेदीत झालेली फसवणूक: '99 टक्के' म्हणजे नेमके कशाचे?

लहान कारखान्यासाठी सायक्लोन आणि वेट स्क्रबर घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. आमच्या बाबतीत जे झालं ते यंत्र पूर्णपणे बंद पडण्यासारखं उघड नव्हतं. यंत्र चालत होतं, पाणी फिरत होतं, हॉपरमध्ये भुकटी पडत होती आणि तरीही बारीक धूळ जवळपास सगळी बाहेर जात होती. ही फसवणूक कशी रचली जाते हे कळलं तर ती ऑर्डर देण्याआधीच ओळखता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे खनिज दळून वाळवलं जातं. ड्रायरला गरम हवा कोळशाच्या भट्टीतून मिळते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या हवेत अगदी बारीक भुकटी असते आणि कोळशातल्या गंधकापासून तयार झालेला सल्फर डायऑक्साइडही असतो. पुरवठादाराने सुचवलेली मांडणी कागदावर बरोबर होती. आधी सायक्लोन, म्हणजे जाड कण तिथेच खाली पडतील. मग व्हेंचुरी स्क्रबर, त्यात बारीक धूळ आणि वायू पाण्यात उतरतील. त्यानंतर हवेतले पाण्याचे थेंब वेगळे करणारं भांडं, मग फॅन आणि चिमणी. हवा तासाला 6750 घनमीटर. कोटेशनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सायक्लोनची कार्यक्षमता 99 टक्के आणि व्हेंचुरीची 98 टक्के. किती मायक्रॉनच्या कणांसाठी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते चुकून राहिलं नव्हतं, मुद्दाम गाळलं होतं, हे पुढे स्पष्ट झालं.

चाचणीच्या दिवशी त्यांचा माणूस स्वतःचं पोतं घेऊन आला. "तुमच्यासारखाच माल आहे, वजन करून आणलाय," म्हणाला. पोतं हळूहळू डक्टमध्ये रिकामं केलं, हॉपरमध्ये पडलेला माल काट्यावर ठेवला, आणि वजन जवळजवळ तेवढंच भरलं. सगळ्यांसमोर 99 टक्के सिद्ध झाले. सांडलेला थोडा माल मी नंतर चिमटीत घेतला तर तो बोटांना खरखरीत लागला, चक्क बारीक वाळू होती. आमची भुकटी बोटांवर घासली की कण जाणवतच नाहीत, त्वचेच्या रेषांमध्ये पांढरी बसते.

हा फरक का महत्त्वाचा, ते बघा. सायक्लोनमध्ये हवा गोल फिरते आणि जड कण भिंतीकडे फेकले जातात. कण जितका लहान तितका तो भिंतीपर्यंत न पोचता हवेबरोबर मधल्या नळीतून वर निघून जातो. म्हणून प्रत्येक सायक्लोनचं एक कट-साइझ असतं, म्हणजे ज्या मापाचे निम्मे कण पकडले जातात आणि निम्मे निसटतात ते माप. आमचा सायक्लोन एक मीटर व्यासाचा, नेहमीच्या प्रमाणात बांधलेला. हवा 15 मीटर प्रति सेकंद वेगाने आत शिरली तर आमच्या मालासाठी त्याचं कट-साइझ साधारण 6 मायक्रॉन येतं. त्याच्या दुप्पट मापाचे कण सुमारे 80 टक्के सापडतात, निम्म्या मापाचे जेमतेम 20 टक्के. वाळूचे कण 100 मायक्रॉनच्या पुढचे. त्या पोत्याला 99 टक्के मिळणारच होते, कुठल्याही सायक्लोनमध्ये मिळाले असते. आमच्या 2-3 मायक्रॉनच्या भुकटीबद्दल ती चाचणी काहीच सांगत नव्हती.

खरा प्रकार मात्र व्हेंचुरीचा होता. काही आठवड्यांतच शेजारच्या छपरांवर पांढरा थर दिसायला लागला. पुरवठादाराला विचारलं की उत्तर एकच, "चिमणीतून दिसतेय ती वाफ आहे." ओल्या स्क्रबरच्या चिमणीतून वाफ निघतेच, त्यामुळे हे खोटं सहज खपतं. ओळखायची रीत अशी, की पांढऱ्या ढगाकडे न बघता तो जिथे संपतो तिथे बघायचं. नुसती वाफ असेल तर ती विरून जाते आणि पलीकडे आकाश स्वच्छ दिसतं. आमच्याकडे वाफ विरल्यावरही करड्या रंगाची एक पट्टी वाऱ्याबरोबर लांबवर जात होती. ती धूळ.

तेव्हा ओळखीच्या एका जुन्या मेंटेनन्स फिटरला बोलावलं. त्याने पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवली, निम्म्यापर्यंत पाणी भरलं, आणि एक टोक सायक्लोनच्या आधी व दुसरं नंतर, डक्टला पाडलेल्या छोट्या भोकांना जोडलं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे त्या यंत्रात हवेचा खर्च झालेला दाब. ठरलेली हवा वाहत असती तर सायक्लोनवर 80 मिलिमीटरच्या आसपास फरक दिसायला हवा होता. दिसला 20. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे एक चतुर्थांश दाब याचा अर्थ हवा निम्मीच वाहतेय. मग नळी व्हेंचुरीवर लावली. तिथे फरक 10 मिलिमीटरसुद्धा भरला नाही.

व्हेंचुरीचं सगळं काम त्याच्या अरुंद थ्रोटमध्ये होतं. हवा तिथून 60 मीटर प्रति सेकंद किंवा त्याहून जास्त वेगाने गेली, तर ती पाण्याच्या धारेचे अगदी बारीक थेंब करते आणि धुळीचे कण त्या थेंबांवर आपटून अडकतात. वेग नसेल तर कण थेंबांना वळसा घालून निघून जातात. आमच्या हवेसाठी थ्रोट साधारण 200 मिलिमीटर व्यासाचा हवा होता. दिलेला होता 400 चा. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्र चौपट, म्हणजे पूर्ण हवा असती तरी वेग जेमतेम 15 मीटर. बाहेरून आकार व्हेंचुरीसारखा, निमुळता होऊन पुन्हा रुंद होणारा, रंगही सुरेख. आत मात्र तो पाणी शिंपडलेला एक पाइप होता.

थ्रोट मोठा का ठेवला, याचं उत्तर फॅनच्या मोटरवर लिहिलेलं होतं, आणि हीच गोष्ट प्रत्येकाने आधी तपासावी असं मला कळकळीने वाटतं. खऱ्या व्हेंचुरीत, घनमीटर हवेला एक लिटर पाणी धरलं तर 60 मीटर वेगाला 370 मिलिमीटरच्या आसपास दाब खर्च होतो. त्यात सायक्लोनचे 80 आणि डक्टचे 50 मिळवले की एकूण 500 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 4900 पास्कल. आमची हवा सेकंदाला 1.875 घनमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की 9.2 किलोवॅट, आणि फॅनची कार्यक्षमता 60 टक्के धरली की मोटर 15 किलोवॅटची, म्हणजे 20 अश्वशक्तीची लागते. आम्हाला दिली होती साडेसात अश्वशक्तीची. तेवढ्या मोटरला ही सगळी हवा जास्तीत जास्त 180 मिलिमीटर दाबावर ओढता येते. म्हणजे कोटेशन छापतानाच विकणाऱ्याला माहीत होतं की हा स्क्रबर बारीक धूळ पकडू शकत नाही. छोटा फॅन दाखवून त्याने किंमत इतरांपेक्षा कमी ठेवली आणि "वीजही कमी लागते" हा फायदा म्हणून विकला.

हवा निम्मी का, हे शोधताना आणखी एक गोष्ट निघाली. फॅनच्या आधीचा, हवा कमी-जास्त करणारा डॅम्पर अर्धा मिटवून त्याच्या हँडलला तार बांधली होती. डॅम्पर उघडला आणि थोड्याच वेळात चिमणीतून चिखलाचे थेंब अंगावर पडायला लागले. थेंब वेगळे करणारं भांडंही लहान दिलं होतं. पूर्ण हवा त्याला झेपत नव्हती. चाचणीच्या वेळी हे लपवायला त्यांच्या माणसाने डॅम्पर अर्धा मिटवला आणि तार ओढून बांधली. त्यामुळे चिमणीचे थेंब थांबले, पण ड्रायरच्या तोंडाशी ओढ उरली नाही आणि तिथली धूळ शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या छातीत जात राहिली. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

वायूच्या चाचणीतही तोच कावा होता. टाकीत ताजं पाणी भरून तासभर चालवलं आणि गंधकाचा वास गेल्याचं दाखवलं. ताजं पाणी सुरुवातीला सल्फर डायऑक्साइड शोषतंच. तेच पाणी फिरत राहिलं की आम्लयुक्त होतं आणि पुढचा वायू घेत नाही. पीएचची पट्टी बुडवली तर रंग 3 च्या आसपास आला. कॉस्टिक किंवा चुना घालून पीएच 7 च्या जवळपास राखायची, आणि गढूळ पाणी थोडंथोडं काढून ताजं भरायची व्यवस्था लागते. ती दिलेलीच नव्हती.

सायक्लोनच्या तळाशीही नुसता सरकता पत्रा होता. फॅन शेवटी असल्याने सायक्लोन ओढीखाली असतो, आणि तळाच्या फटीतून आत शिरणारी हवा खाली पडलेली भुकटी पुन्हा वर उचलते. फॅन चालू असताना पातळ कागदाची पट्टी त्या फटीशी धरली तर ती सर्रकन आत ओढली गेली. तिथे फिरता एअरलॉक किंवा दुहेरी झडप हवीच.

पुरवठादाराकडे सगळे आकडे घेऊन गेलो. त्याने कोटेशन पुढे सरकवलं. "99 टक्के लिहिलंय, चाचणीत दाखवलंय, तुमची सही आहे." मायक्रॉन नाही, दाब नाही, कोणत्या मालावर चाचणी ते नाही, त्यामुळे कागदावर त्याला पकडायला जागाच नव्हती.

शेवटी दुसऱ्याकडून थ्रोटमध्ये 200 मिलिमीटरचा तुकडा, 20 अश्वशक्तीचा फॅन, मोठं थेंब-भांडं, एअरलॉक आणि पीएच राखणारा छोटा पंप बसवून घेतला. आता व्हेंचुरीवरची नळी 350 ते 370 दाखवते आणि वाफेच्या पुढची ती करडी पट्टी दिसत नाही. विजेचं बिल अर्थातच वाढलं आहे. बारीक धूळ पकडण्याची तेवढी किंमत आहे.

या वेळच्या ऑर्डरमध्ये लिहून घेतलं ते असं. कार्यक्षमता कणांच्या मापासह, आमच्या भुकटीच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर आधारित. सायक्लोन आणि व्हेंचुरी दोन्हींवर दाब मोजायच्या नळ्या कायमच्या बसवलेल्या, आणि पूर्ण हवेला किती मिलिमीटर दिसायला हवेत तो आकडा. चिमणीला नमुना घेण्याचं भोक आणि तिथपर्यंत चढायची शिडी. चाचणी आमच्याच मालावर, डॅम्पर पूर्ण उघडा ठेवून, पूर्ण पाळी तेच पाणी फिरवत, आणि नमुना पुरवठादाराने नाही तर आम्ही बोलावलेल्या प्रयोगशाळेने घ्यायचा. शेवटचा हप्ता त्या अहवालानंतर.