रुटिंग पावडरच्या तीन डब्या, आठ महिने वापरल्यानंतर

काडीला मुळं फुटावीत म्हणून बुडाला लावायच्या या पावडरीच्या एक, दोन, तीन नंबरच्या तिन्ही डब्या फेब्रुवारीत एकदम घेतल्या. कोवळ्या काडीला एक, अर्धनिबरला दोन, निबरला तीन. वाघोडिया रोडवरची आमची नर्सरी लहान आहे, त्यामुळे डबीमागे गेलेला पैसा मला जाणवतो. म्हणूनच मे महिन्यात जास्वंदीच्या शंभर काड्यांपैकी फक्त अकरा जगल्या तेव्हा मी डबी घेऊन थेट दुकानात गेले. पावडर मेलेली आहे, बदलून द्या, म्हटलं. दुकानदार म्हणाले, "बेन, पावडर बरोबर आहे, तुमची हवा बघा." मी रागावून परत आले.

घरी येऊन मेलेल्या काड्या उपटून पाहिल्या. पानं तिसऱ्याच दिवशी गळली होती, पण काडीचं बूड हिरवं आणि स्वच्छ होतं. म्हणजे पावडरीला काम करायला वेळच मिळाला नव्हता. मुळं नसलेली काडी पानांतून पाणी घालवत राहते आणि खालून तिला पुरेसं मिळत नाही. वडोदऱ्याच्या मेमध्ये दुपारी शेडनेटखाली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास दिसत होती. मग वाफ्यावर वाकवलेल्या पाइपांच्या कमानी लावून प्लास्टिक ओढलं, वर पन्नास टक्क्यांची शेडनेट ठेवली (उन्हात बंद प्लास्टिक म्हणजे भट्टीच), प्रत्येक काडीवर दोनच पानं ठेवून तीही अर्धी कापली. आत मीटर पंच्याऐंशीच्या वर गेला. त्याच डबीतल्या पावडरीने पुढच्या शंभरातल्या बहात्तर काड्या फुटल्या. दुकानदारांचं म्हणणं खरं होतं, आणि तसं मी त्यांना जाऊन सांगितलं.

सकाळी प्लास्टिकला आतून बारीक दव धरलेलं असलं की बरोबर. पाणी ओघळत असेल आणि कोकोपीट मुठीत दाबल्यावर धार लागत असेल तर तासभर दोन्ही टोकं उघडायची. नाहीतर बूड तपकिरी, मऊ होतं, साल बोटाने सटकते आणि वास येतो. तिसऱ्या आठवड्यापासून टोकं रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवते, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावतं.

आता माझी खरी तक्रार. जुलैत शेवंतीचे दोनशे शेंडे लावले, प्लास्टिकखालीच. दहा दिवसांनी पानं टवटवीत, पण मुळी एकही नाही. उपटलं तर बूड काळं पडलेलं, आणि काळेपणा बरोबर पावडर लागली होती तिथवरच, वर देठ हिरवागार. आर्द्रता कमी पडली तर पानं आधी जातात, कुजलं तर बूड मऊ पडून वास मारतं. हे मात्र पावडरीतलं मुळं आणणारं संजीवक जास्त झाल्याचं लक्षण होतं. कोवळ्या काडीला हे संजीवक, म्हणजे आयबीए, हजार पीपीएमच्या आसपास पुरतं, म्हणजे किलोभर टाल्कमध्ये एक ग्रॅम. निबर काडीची पावडर त्याच्या कितीतरी पट तीव्र असते. शेवंतीला तीन नंबर लागली होती.

असं झालं कारण डबीवरचा कागद ओल्या हाताने पहिल्या महिन्यातच निघून गेला. नंबर उरला फक्त झाकणावर, आणि तिन्ही झाकणं एकमेकांना बसतात. आत तिन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "नंबर झाकणावर आहे ना!" नर्सरीत हात ओले असणारच. डबीच्या अंगावर नंबर कोरायला किती खर्च येतो? पीपीएमचा आकडा तर कागदावरही नव्हता. माझे दोनशे शेंडे आणि शेवंतीचे तीन आठवडे त्यापायी गेले. आता डबीच्या अंगावरच नेलपॉलिशने रेघा ओढल्यात, आणि काडी डबीत न बुडवता चमचाभर पावडर वाटीत काढून घेते. उरलेली परत डबीत टाकत नाही, कारण डबीत ओल शिरली की सगळीच खराब होते.

एवढं असूनही तीन नंबरने मला थक्क केलं. बोगनवेलीच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर निबर काड्या ऑगस्टमध्ये साठ पावडर लावून आणि साठ तशाच लावल्या. पावडरीच्या एकेचाळीस फुटल्या, बिनपावडरीच्या अठरा. लिंबाच्या गुटीलाही, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायला, तीच वापरली. बोटाच्या पेराएवढी साल गोल काढून आतला बुळबुळीत थर चाकूने पुसून काढला, नाहीतर साल पुन्हा जुळते. मग पावडर थेंबभर पाण्यात कालवून कापाच्या फक्त वरच्या कडेला लावली, कारण पानांतून उतरणारं अन्न तिथेच अडतं आणि मुळ्या तिथूनच येतात. ओलं मॉस, प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळी. सहाव्या आठवड्यात प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसल्या.

तीन नंबर संपत आली आहे, ती पुन्हा घेणार. एक नंबर घेणार नाही. शेवंती मी नंतर प्लास्टिकखाली पावडरीशिवाय लावली आणि ती तशीच फुटली.